मनूस पत्र: कुशीवर झोपताना उशी कुठे हवी

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर बोलणं भांडणावर गेलं आणि सांगायचं होतं ते राहूनच गेलं. रात्री तीनला जाग येते, उजवा खुबा ठणकतो, खांदा धरलेला असतो, मग गोळी घेऊन पडते, असं तू म्हणालीस. गोळीबद्दल आज काही लिहायचं नाही असं ठरवलंय. झोपण्याबद्दल लिहिते.

व्हिडिओवर तू दुखरी जागा बोटाने दाखवलीस ते बरं झालं. मांडीच्या बाहेरच्या अंगाला हाडाचा उंचवटा हाताला लागतो, नेमकं तिथे बोट टेकलं आणि तुझे डोळे मिटले. जांघेत दुखत नाही, मोजे घालताना त्रास नाही, मांडी घालून बसता येतं. म्हणजे सांधा बहुतेक ठीक आहे. नितंबाच्या स्नायूंना हाडाशी जोडणारे दोर, म्हणजे टेंडन, त्या उंचवट्यावर चिकटतात, तिथलं हे दुखणं. चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांमध्ये फार दिसतं.

आता तू म्हणालीस, 'उजव्या कुशीवर दुखतं म्हणून डावीकडे वळते, तरी उजवाच खुबा दुखतो.' त्याचं कारण आहे. उजव्या कुशीवर असताना अंगाचं वजन थेट त्या उंचवट्यावर येतं. डाव्या कुशीवर वळलीस की वजन जातं, पण वरचा उजवा गुडघा पुढे सरकून गादीवर पडतो. मांडी अशी आडवी ओलांडून गेली की बाहेरचा जाड पट्टा ताणला जातो आणि टेंडन त्या पट्ट्याच्या आणि हाडाच्या मध्ये दाबलं जातं. तासन्‌तास. गोळी घेतली तरी तो दाब तसाच राहतो, फक्त तेवढा वेळ कळत नाही. आणि बीपीची गोळी चालू असताना वेदनाशामक रोज घेतलं तर बीपी वाढू शकतं, मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो. ठरवूनही लिहिलंच. रागावू नकोस.

तर डाव्या कुशीवर झोप आणि दोन्ही पायांमध्ये उशी घे. नुसती गुडघ्यांमध्ये नको. बहुतेक जण तिथेच चुकतात. गुडघ्याखाली आधार आणि पाऊल लोंबतंय, असं झालं की मांडी खुब्यातून पिळली जाते आणि ताण पुन्हा सुरू. उशी गुडघ्याच्या थोडी वरपासून घोट्यापर्यंत पोचली पाहिजे. जाडी किती? दबल्यावर साधारण पाच-सहा इंच उरायला हवी. तुझ्याकडच्या त्या फुगीर मऊ उशा दाबल्या की दोन इंचांच्या होतात, त्यांचा उपयोग नाही. कापसाच्या दोन घट्ट उशा एकापुढे एक ठेव, नाहीतर जुनी दुलई लांबीत गुंडाळून चादरीत घाल आणि दोन ठिकाणी बांध. ती रात्रीत निसटतही नाही. बरोबर जमलं का हे पाहायला समीरला पायथ्याकडून फोटो काढायला सांग. वरची मांडी, गुडघा, घोटा एका पातळीत दिसले पाहिजेत. गुडघा खाली उतरलेला दिसला तर उशी पातळ आहे. गुडघे छातीशी ओढू नकोस, थोडेसेच वाकव. तू लहानपणी अगदी मुटकुळं करून झोपायचीस, आजीच्या पोटात गुडघे खुपसून, आणि ती हूं की चूं न करता पडून राहायची. ती सवय अजून आहे हे कालच्या फोनवर कळलं.

खांद्याचंही तसंच आहे. डाव्या कुशीवर उजवा हात वर असतो, आधार नसला की छातीवरून पुढे गादीवर घसरतो आणि खांद्याला रात्रभर खाली ओढत राहतो. छातीशी एक उशी कवटाळ. ती काखेपर्यंत वर घे, दंड आणि कोपर दोन्ही तिच्यावर टेकू देत. कोपर छातीच्या उंचीला हवं, खांद्याच्या वर नको. मनगट उशीच्या कडेवरून लोंबू देऊ नकोस, सकाळी बोटांना मुंग्या येतात. आणि खालचा हात डोक्याच्या उशीखाली घालू नकोस. हात वर गेला की खांद्यातली जागा अरुंद होते आणि वरून डोक्याचं वजन. दहावीच्या वर्षी तू अशीच झोपायचीस, पुस्तक हाताखाली. सकाळी गालावर पुस्तकाच्या कोपऱ्याचा वळ.

डोक्याची उशी कानापासून गादीपर्यंतचं अंतर भरेल एवढीच जाड हवी. तिच्यावर डोकं आणि मान, खांदा नाही. खांदा उशीवर चढला की मान वाकते आणि तो खालून चेपला जातो.

रात्रभर एकाच कुशीवर कोणी राहत नाही, हे मला माहीत आहे. उजवीकडे वळावंसं वाटलं तर पूर्ण वळू नकोस. पाठीमागे एक लोड लाव आणि त्यावर थोडी रेलून झोप, म्हणजे वजन हाडाच्या उंचवट्यावरून मागे नितंबाच्या मांसल भागावर जातं. खालचा खांदा डाव्या हाताने हलकेच पुढे ओढून घे, म्हणजे टोकावर न झोपता तू फऱ्याच्या कडेवर झोपशील. कूस बदलताना गुडघ्यांनी उशी दाबून धर आणि खांदा-कंबर एकदम वळव.

तुमची काथ्याची गादी कडक आहे. वरून दोन गोधड्या अंथर. आणि व्हिडिओत बघून गुडघा दुसऱ्या खांद्याकडे ओढायचा व्यायाम करतेस, तो आजपासून बंद. ताण दिल्याने बरं वाटेल असं वाटतं, पण त्यात टेंडन पुन्हा त्याच हाडावर चेपलं जातं. एका पायावर भार टाकून ओट्याशी उभी राहतेस, तेही सोड. बघ, मी पुन्हा शिकवायलाच लागले. तुला घर, ऑफिस, सासूबाईंचं पथ्य, सगळं एकटीने निभावताना पाहते, आणि कौतुक वाटतं तेवढीच धास्तीही वाटते.

उशांनी दाब कमी होतो, टेंडन मजबूत होत नाही. रात्रीचा ठणका थोड्या दिवसांत उतरायला लागेल, पण पूर्ण बरं व्हायला काही महिने जातात आणि नितंबाचे स्नायू बळकट करायचे व्यायाम लागतात. ते तिथल्याच फिजिओथेरपिस्टकडून समोर करून शिक, फोनवरून मी सांगणार नाही.

एक तपासणी मात्र उद्याच कर. उजवं कोपर बरगडीला टेकवून काटकोनात वाकव आणि पंजा बाहेर फिरव. मग समीरला तोच हात फिरवायला सांग. त्यालाही फिरवता आला नाही, तर ते नुसतं झोपण्याचं दुखणं नाही, खांदा आखडतोय. मावशीला साखर होती, तिचा खांदा असाच धरला होता, म्हणून साखर तपासून घे. जांघेत दुखायला लागलं, हातापायात बधिरपणा आला, ताप आला, वजन उतरलं किंवा कुठल्याच कुशीवर आराम पडेना, तर उशा ठेवून डॉक्टरांकडे जा. जाताना घेत असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं बरोबर ने, वेदनाशामकाचंही. त्यांना खरं सांग, रोज किती घेतेस ते. मला नाही सांगितलंस तरी चालेल.

कापसाच्या दोन उशा अण्णांबरोबर रविवारी पाठवते. अभ्रे धुतलेले आहेत. फोटो पाठव.

तुझी
आई