नावांच्या नात्याविषयी

प्रिय सुधीर,
सप्रेम नमस्कार.

तुझ्या कादंबरीचा खर्डा वाचून झाला. डोंगरातले आणि किनाऱ्यावरचे लोक एकाच जुन्या कुळातून फुटले, असे तू लिहितोस. नावांवरून मात्र ते नाते कुठेच जाणवत नाही. म्हणून आधी त्यांची जुनी भाषा थोडीशी ठरवावी आणि दोन्हीकडची नावे तिच्यातूनच काढावीत, असे मी सुचवतो.

जुन्या भाषेत क, त, प, म, न, र, ल, स एवढीच व्यंजने ठेव. जोडाक्षरे नकोत, आणि प्रत्येक शब्द स्वरान्त असावा. अ हा स्वर मुळातच वगळ, कारण शब्दाच्या अखेरचा अ मराठी वाचक उच्चारत नाही आणि मधलाही अनेकदा गाळतो. आ, ई, ओ लिहिले की संशयाला जागा राहत नाही.

आता फक्त दोन नियम हवेत. पहिला, दोन स्वरांमध्ये सापडलेल्या क, त, प यांचे ग, द, ब होतात. दुसरा, अखेरचा स्वर गळतो. डोंगरात हे याच क्रमाने घडले, किनाऱ्यावर उलट क्रमाने, असे मान. 'लेपातो' या कुळनावाचे डोंगरात आधी 'लेबादो' आणि मग 'लेबाद' होईल. किनाऱ्यावर ओ आधीच गळाल्यामुळे त दोन स्वरांमध्ये उरत नाही, म्हणून तिथे 'लेबात' होईल. तसेच 'सोमीका'चे 'सोमीग' आणि 'सोमीक'. मधला ब दोघांचा सारखा, शेवट तेवढा वेगळा. कोण कुठला हे वाचकाला नियम न सांगताही हळूहळू कळू लागते.

गावांच्या नावांत याहून अधिक मौज आहे. 'नुला' म्हणजे नदी आणि 'रेपी' म्हणजे उतार असे धरले, तर 'नुलारेपी'चे 'नुलारेब' आणि 'नुलारेप' होते. सुटी नदी दोन्हीकडे नुसती 'नूल' उरते, पण गावाच्या नावात तिचा जुना आ टिकून राहतो, कारण तिथे तो अखेरीस नसतो. दोन्ही बाजू एकाच गावावर हक्क सांगतात त्या प्रकरणात ही दोन रूपे तुला आयती कामाला येतील.

मात्र तयार झालेले प्रत्येक रूप मोठ्याने वाचून पाहा. किल्ल्यासाठी मी 'नाका' हा शब्द योजला होता. त्याचे डोंगरात 'नाग' आणि किनाऱ्यावर 'नाक' होते! अशा वेळी नियमाला मुरड घालू नकोस, मूळ शब्दच बदल. एका नावासाठी केलेला अपवाद पुढे प्रत्येक नवे नाव ठरवताना आडवा येतो.

या नियमांनुसार कोणत्याही नावाचा आरंभ ग, द किंवा ब ने होऊ शकत नाही, हे ध्यानात ठेव. त्यामुळे तुझा 'गिर्झोक्ष' दोन्हीकडचा नाही. तो परका असेल तर नाव तसेच राहू दे, पण मग तो कुठून आला हे तिसऱ्या प्रकरणाआधी तुला ठरवावे लागेल. ते कळव, म्हणजे उरलेल्या नावांची यादी पाठवतो.

तुझा,
वसंत