साहेब, ती तारीख तुम्ही पेन्सिलीने लिहिलीत

साहेब, समोर बोलायला गेलो की घसा अडतो म्हणून लिहितोय. परवा पार्टटाइम एमईची व्हायव्हा झाली, पास झालो, चार वर्षं लागली तीन वर्षांच्या कोर्सला.

तुमच्या आधीच्या साहेबांनी माझा रजेचा अर्ज तीनदा परत केला होता. शेरा एकच, "तारीख नमूद नाही". अहो, कशी असणार? थिसिस सबमिट करायची शेवटची तारीख युनिव्हर्सिटी देते, ती आधी कळते. व्हायव्हाची मात्र बाहेरचे परीक्षक थिसिस वाचून वेळ देतात तेव्हा ठरते, आणि कळते दोन-चार दिवस आधी. त्या साहेबांना दोन्ही एकाच अर्जात हवं होतं, वर सल्ला काय तर "घरगुती काम लिही ना". आईला आजारी पाडून रजा घ्यायची म्हणजे! मी नाही लिहिलं, आणि सहा महिन्यांचं एक्स्टेंशन घेऊन बसलो.

तुम्ही आलात आणि पाच मिनिटांत दोन अर्ज वेगळे करायला लावलेत. सबमिशनची अर्जित रजा, तिची फाइल वर जाते म्हणून आधीच पाठवली. व्हायव्हाला सीएल, ती तुमच्याच सहीची, आणि ईएलला जोडून चालत नाही हे मला तोवर कोणी सांगितलंच नव्हतं. सबमिशनच्या रजेचे ते तीन दिवस मिळाले म्हणून निभावलं, कारण प्लेजरिझमचा रिपोर्ट सतरा टक्के आला होता, दहाच्या आत पाहिजे. पार्किंगवाल्या इमारतींवर भूकंपात काय होतं हा विषय, त्यात आयएस १८९३ ची वाक्यं मी जशीच्या तशी उतरवलेली. दोन रात्री जागून स्वतःच्या शब्दांत लिहिलं, तिसऱ्या दिवशी बाइंडिंग आणि गाइडची सही.

पण खरं सांगू, मनात राहिलीय ती पेन्सिल. सीएलच्या अर्जावर तुम्ही अंदाजाने "१८ मार्च" लिहिलंत, पेन्सिलीने, आणि म्हणालात "खरी आली की शाईने गिरवू, तू आता अभ्यास कर". मार्च एंड, बिलांचे ढीग, ऑफिसात पाणी प्यायला वेळ नाही आणि त्यात हे. शुक्रवारी संध्याकाळी गाइडचा फोन आला, मंगळवारी व्हायव्हा, २४ तारीख. मी घाबरत घाबरत केबिनमध्ये आलो तर तुम्ही काहीच विचारलं नाही, रबर शोधलंत. माझ्या साइटची मोजमापं मंगळवारी तुम्ही स्वतः उन्हात जाऊन घेतलीत हे मला शिपाईकाकांकडून कळलं, तुम्ही बोललाच नाहीत.

माणूस मोठा पोस्टने होत नाही वगैरे लिहिणार होतो, पण तुम्हाला ते आवडायचं नाही.

पेढे तुमच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत, शुगर आहे माहितीये, अर्धा तरी खा. आणि राहिलेली एमबी उद्या सकाळी सहीला आणतो.