विषय : ‘संगणकाचा आवाज आणि माइक एकाच ध्वनिमुद्रणात, कोणत्याही विलंबाशिवाय’ या आपल्या जाहिरातीबद्दल आणि आभासी ऑडिओ केबलबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग

महोदय/महोदया,

मी सांगलीत शास्त्रीय गायनाचे वर्ग घेते. आपली आभासी ऑडिओ केबल, म्हणजे संगणकातल्या एका प्रोग्रॅमचा आवाज दुसऱ्या प्रोग्रॅमपर्यंत नेणारे आपले सॉफ्टवेअर, मी एकाच कामासाठी विकत घेतली. संगणकावर तबल्याचे आणि तानपुऱ्याचे सॉफ्टवेअर लावायचे, समोर माइकवर गायचे, आणि ठेका, सूर, गळा हे सगळे मिळून एक फाइल तयार करायची. विद्यार्थ्यांना रियाजासाठी अशी फाइल देता येते. आपल्या पानावर नेमके हेच लिहिले होते, आणि शेजारी ठळक अक्षरांत ‘शून्य विलंब’ असेही होते. बिलाची प्रत आणि त्या पानाचे छायाचित्र सोबत जोडले आहे.

आपल्या माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे मी जोडणी केली. विंडोजमध्ये तबल्याचा आवाज हेडफोनऐवजी आपल्या केबलमध्ये सोडला. केबलसोबत येणारा रिपीटर नावाचा छोटा प्रोग्रॅम दोनदा उघडला. एकाने माइकचा आवाज केबलमध्ये टाकायचा, दुसऱ्याने केबलमधला आवाज माझ्या हेडफोनपर्यंत आणायचा. ध्वनिमुद्रण केबलच्या दुसऱ्या टोकावरून करायचे. फाइल तयार झाली आणि दोन्ही आवाज त्यात होते, एवढे खरे. पण माझा स्वतःचा आवाज मला हेडफोनमध्ये मागाहून ऐकू येत होता. स्वतःचा आवाज अर्ध्या सेकंदाहून जास्त उशिराने कानावर आदळत असताना कुणाचीही जीभ अडखळते. तान घेणे तर दूरच. आपल्या मदत विभागाने सांगितले की एक हेडफोन कानावरून थोडा सरकवून गा. ते केले. त्यानंतरच्या ध्वनिमुद्रणात जे दिसले त्याबद्दल हे पत्र आहे.

त्रितालाची मध्यलय मिनिटाला १२० मात्रांची धरली, तर एक मात्रा अर्ध्या सेकंदाची होते. बंदिशीचा मुखडा मी ‘धा’वर, समेवर घेतला होता. फाइलमध्ये तो समेपुढच्या ‘धिं’च्याही नंतर पडलेला ऐकू येत होता. गाताना मी लयीतच होते, आणि ऐकताना गाणारी बेताल वाटत होती. विलंबितात हा फरक लपतो, गायक निवांत आहे एवढेच वाटते. द्रुतात मिनिटाला २४० मात्रा असतील तर तोच फरक अडीच मात्रांचा होतो आणि अख्खी तिहाई चुकीच्या जागी जाऊन पडते.

फरक नेमका किती, हे मोजण्याची सोपी रीत ध्वनिमुद्रणाचे काम करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीने दाखवली. आपल्या तंत्रज्ञांनी ती अवश्य करून पाहावी. हेडफोनची वाटी माइकला अगदी चिकटवून ठेवायची आणि तबल्याच्या सॉफ्टवेअरमधून एकच ठोका वाजवायचा. तो ठोका फाइलमध्ये दोन वाटांनी येतो : थेट केबलमधून, आणि हेडफोनमधून बाहेर पडून माइकमार्गे परत. ऑडॅसिटी या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रॅममध्ये फाइल उघडली की दोन उंचवटे दिसतात आणि त्यांच्यातले अंतर निवडून मोजता येते. आपल्या जोडणीत दोनच नाही, उंचवट्यांची रांगच दिसली, कारण माइकमधून आलेला ठोका पुन्हा हेडफोनमध्ये जात होता. प्रत्येक दोन उंचवट्यांत ६४० मिलिसेकंदांचे अंतर होते.

हा आकडा कुठून आला हे आपल्या रिपीटरच्या खिडकीतच लिहिलेले आहे. तिथे बफर, म्हणजे आवाज पुढे पाठवण्यापूर्वी साठवून ठेवण्याची जागा, मूळचाच ३०० मिलिसेकंद ठेवलेला असतो. तबला मला ऐकू येईपर्यंत पहिले ३०० जातात. मी त्या ऐकलेल्या तबल्यावर गाते. माझा गळा केबलपर्यंत पोचेपर्यंत दुसरे ३०० जातात. उरलेले चाळीसेक साउंड कार्डाच्या आत-बाहेर जाण्याचे. तबला मात्र फाइलमध्ये थेट, न थांबता पोचलेला असतो. आपली केबल स्वतः विलंब लावत नसेलही. पण केबलच्या दोन्ही बाजूंना आपलाच रिपीटर बसवायला आपलीच पुस्तिका सांगते. मग ग्राहकाच्या पदरी जे पडते त्याला शून्य विलंब कसे म्हणता येईल?

हे कळवल्यावर आपल्याकडून उत्तर आले की दोन केबल घ्या. दुसरी केबल वेगळ्या परवान्याने, वेगळे पैसे भरून मिळते, हे जाहिरातीत कुठेही नव्हते. तरीही मी ती घेतली. आता तबला पहिल्या केबलमध्ये, तिथून एक रिपीटर हेडफोनकडे, दुसरा रिपीटर पहिल्या केबलमधून दुसऱ्या केबलकडे, तिसरा माइकमधून दुसऱ्या केबलकडे, आणि ध्वनिमुद्रण दुसऱ्या केबलवरून. माझा आवाज हेडफोनमध्ये परत येणे यामुळे थांबले, ही सुधारणा मी मान्य करते. ठोक्याच्या चाचणीत मात्र गळा अजूनही ३४० मिलिसेकंद मागे निघाला. तबला आता स्वतःच एका रिपीटरमधून जात असल्याने तोही ३०० उशिरा येतो, म्हणून फरक कमी झाला. तरी मध्यलयीच्या मात्रेचा दोन तृतीयांश भाग चुकतोच.

पुढचा सल्ला आला की सगळे बफर ४० वर आणा. त्याने फरक ८० च्या आसपास उतरला. पण दर पाच-सहा मिनिटांनी फाइलमध्ये ‘टक’ असा आवाज येऊ लागला. आलापात, षड्ज लावून थांबलेले असताना, तो आवाज असह्य होतो. आपल्या विभागाने याचे खापर माझ्या संगणकावर फोडले. संगणक त्या वेळी दुसरे काहीच करत नव्हता. माइकचे घड्याळ वेगळे आणि आपल्या केबलचे वेगळे, हे कारण आपल्याला माहीत असायलाच हवे. दोघेही सेकंदाला आवाजाची ४८,००० मोजमापे, म्हणजे नमुने, देतो म्हणतात, पण खऱ्या यंत्राचे घड्याळ किंचित पुढे-मागे धावते. माइकने सेकंदाला केवळ तीन नमुने जास्त दिले असे धरा. ४० मिलिसेकंदांच्या बफरमध्ये १,९२० नमुने मावतात. तो सुरुवातीला अर्धा भरलेला असतो, म्हणजे ९६० नमुन्यांची जागा उरते, आणि ती ३२० सेकंदांत भरते. मग रिपीटर जादा नमुने फेकून देतो, त्याचाच तो ‘टक’. ३०० च्या बफरमध्ये हीच जागा भरायला चाळीस मिनिटे लागतात. म्हणजे आपण मला विलंब आणि टकटक यांतले एक निवडायला सांगत होतात, आणि तसे स्पष्ट सांगतही नव्हता.

यावर उपाय आहे, आणि तो आपल्याच उत्पादनाने करता येतो. म्हणून मला जास्त वाईट वाटते. हेडफोनकडचा आणि माइककडचा असे दोन्ही रिपीटर ३०० वरच राहू द्यायचे. पहिल्या केबलमधून दुसऱ्या केबलकडे जाणाऱ्या रिपीटरचा बफर तेवढा वाढवून ६४० करायचा. गळा जितका उशिरा येतो तितकाच तबलाही मुद्दाम उशिरा पोचवायचा. आम्ही तसे केले, पुन्हा वाटी माइकला लावून ठोका वाजवला, आणि दोन उंचवटे एकमेकांवर बसले. हा रिपीटर केबलपासून केबलपर्यंतच जातो. दोन्ही टोके एकाच घड्याळावर चालतात, त्यामुळे बफर मोठा असूनही तिथे टक येत नाही. लांब गायन असेल तर मध्ये थांबून माइकचा आणि हेडफोनचा रिपीटर बंद करून पुन्हा सुरू करायचा, म्हणजे बफर पुन्हा अर्ध्यावर येतो. प्रत्येकाचा आकडा वेगळा असेल, कारण साउंड कार्ड वेगळे. म्हणून ६४० पाठ करून उपयोग नाही. ठोका वाजवून मोजावेच लागते. आपल्या पुस्तिकेत एवढी एक चाचणी आणि एवढी तीन वाक्ये असती, तर पुढे जे झाले ते झाले नसते.

आपल्या पहिल्या, एका केबलच्या जोडणीवर आम्ही माझ्या गुरूंचे गायन ध्वनिमुद्रित केले. त्या ऐंशीच्या पुढच्या आहेत. घराण्यातल्या काही जुन्या बंदिशी त्यांनी त्या दिवशी द्रुतात गायल्या. पुन्हा तशा गाता येतील असे त्या म्हणत नाहीत. तबला आणि गळा एकाच फाइलमध्ये मिसळले गेल्यामुळे आता उशिरा पडलेला गळा तेवढा अलीकडे ओढून लयीत बसवता येत नाही. दोन आवाज वेगवेगळ्या ट्रॅकवर असते तर हे एका मिनिटाचे काम होते. ओबीएस हा विनामूल्य प्रोग्रॅम संगणकाचा आवाज आणि माइक वेगळ्या ट्रॅकवर ठेवू शकतो, आणि त्यात प्रत्येक आवाजासाठी `Sync Offset` हा मिलिसेकंदांचा रकाना आहे. माझ्या या कामाला केबलची गरजच नव्हती, हे मला पैसे भरल्यावर बाहेरून कळले. तबल्यावर गाणाऱ्या माणसाने काय वापरावे, असा प्रश्न मी खरेदीपूर्वी आपल्या विक्री विभागाला लेखी विचारला होता. ‘आमची केबल पुरेशी आहे,’ असे उत्तर आले. ते उत्तरही सोबत जोडले आहे.

दोन्ही परवान्यांचे पूर्ण पैसे मला परत मिळावेत. जाहिरातीतून ‘शून्य विलंब’ हे शब्द काढावेत, किंवा ते केवळ केबलपुरते आहेत आणि ऐकून गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला रिपीटरचा विलंब धरावा लागेल, असे तितक्याच ठळक अक्षरांत लिहावे. दुसरी केबल लागते हे खरेदीच्या पानावरच सांगावे. पुस्तिकेत ठोक्याची चाचणी घालावी. आणि रिपीटरच्या पुढच्या आवृत्तीत दोन घड्याळांमधला फरक आपोआप सावरून घेण्याची सोय करावी; ती असती तर बफर लहान ठेवूनही टक आला नसता. गुरूंच्या मुद्रणाची भरपाई पैशात होणार नाही, म्हणून ती मी मागत नाही. पण ते आपल्या चुकीच्या माहितीमुळे बिघडले, हे मला आपल्याकडून लेखी हवे आहे, कारण त्यांना तोंड दाखवून मला उत्तर द्यायचे आहे.

हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तर अपेक्षित आहे. ते न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५ या क्रमांकावर, तक्रार नोंदवीन आणि ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीबद्दल जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. आपल्या तंत्रज्ञांना ठोक्याच्या चाचणीच्या मूळ फाइली हव्या असतील तर कळवावे. एका केबलची, दोन केबलची आणि दुरुस्तीनंतरची, अशा तिन्ही मी जपून ठेवल्या आहेत.

कळावे,

आपली ग्राहक,
एक गायनशिक्षिका, सांगली

सोबत : दोन्ही बिलांच्या प्रती, जाहिरातीच्या पानाचे छायाचित्र, विक्री व मदत विभागाशी झालेला पत्रव्यवहार