रद्द झालेल्या पाळीचे तास कोणाच्या खात्यावर? : कामगारमंत्र्यांना खुले पत्र

मा. कामगारमंत्री,
सविनय नमस्कार.

मी एका दुकानाचा व्यवस्थापक आहे. गेल्या महिन्यात एके दिवशी मालाची गाडी येणार नसल्याचे सकाळी साडेअकरा वाजता कळले आणि दुपारी दोन ते रात्री आठ ही माल उतरवून मांडण्याची पाळी मला रद्द करावी लागली. पाच कर्मचाऱ्यांना मी घाईघाईने संदेश पाठवला : “आजची दुपारची पाळी रद्द. तास पुढच्या आठवड्यात भरून काढू.”

दुसऱ्या वाक्यात कर्ता नाही, हे माझ्या तेव्हा लक्षात आले नाही. तास कोण भरून काढणार, कोणासाठी आणि त्यांचा पगार कधी मिळणार, यांपैकी काहीच त्यात नव्हते. एकजण तोवर घरून निघालेला होता. दुसरीने विचारले की आजचा पगार कापला जाणार आहे का, आणि माझ्यापाशी उत्तर नव्हते. संध्याकाळी पाळ्यांचा तक्ता उघडला, तर पाचही नावांपुढे संगणकाने ‘उणे सहा’ असा आकडा मांडून ठेवला होता. गाडी दुकानाची आली नव्हती, पण देणेकरी मात्र कर्मचारी ठरले होते.

हे उणे तास जसेच्या तसे पुढे ढकलले असते, तर काय झाले असते ते पाहावे. आमच्याकडे आठवड्याला ४८ तासांची मर्यादा आहे. पाचांपैकी तिघांचा आठवडा ४२ तासांचा असल्यामुळे त्यांचे सहा तास पुढच्या आठवड्यात कसेबसे मावले असते. उरलेल्या दोघांचा आठवडा मात्र ४५ तासांचा असल्याने त्यांचे ५१ तास भरले असते. मर्यादेवरचे ते तीन तास खरे तर ओव्हरटाइमचे आहेत. पण ‘भरपाईचे तास’ असे नाव दिले की ते साध्या दराने, किंवा रद्द झालेल्या दिवसाचा पगार कापलेला असेल तरीही फुकट करून घेता येतात. वेगळ्या नोंदी नसल्यामुळे ही लबाडी तपासनिसाच्याही नजरेतून सहज सुटते.

महोदय, भरपाईच्या तासांचा विचार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९३० सालीच केलेला आहे. दुकाने व कार्यालये यांच्यासाठीच्या ३० व्या क्रमांकाच्या करारातील पाचव्या कलमानुसार स्थानिक सुट्टी, वीजपुरवठा खंडित होणे, अपघात अशा कारणांनी सगळेच काम थांबले, तर बुडालेले तास भरून घेता येतात. मात्र वर्षातून ३० पेक्षा जास्त दिवशी नाही, दिवसाला एका तासाहून अधिक नाही, आणि त्या दिवसाचे एकूण काम दहा तासांच्या पुढे जाता कामा नये. माझ्या समजुतीप्रमाणे न आलेली मालगाडी या कारणांत बसत नाही, कारण दुकान तर त्या दिवशी उघडेच होते. ती व्यवसायाची नेहमीची जोखीम आहे. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी ऐनवेळी पाळी रद्द केल्यास न केलेल्या तासांचा निम्मा पगार द्यावा लागतो, तो याच विचाराने.

दुसऱ्या दिवशी मी नवा संदेश लिहिला. (मालकांना तो महाग वाटला, त्यांनी संमती दिली, पण याच वेळेपुरती.) तो असा होता : “कालची दोन ते आठची पाळी मालाची गाडी न आल्यामुळे दुकानाने रद्द केली. या सहा तासांचा पगार याच महिन्यात नेहमीप्रमाणे मिळेल. जे घरून निघाले होते त्यांना येण्याजाण्याचा खर्च मिळेल. हे तास पुढच्या दोन आठवड्यांत, आठवड्याला तीन आणि दिवसाला जास्तीत जास्त एक, असे करता येतील. आपल्याला सोयीचे दिवस शुक्रवारपर्यंत कळवावेत. ज्यांना जमणार नाही त्यांचे तास सोडून दिले जातील आणि त्यांचा पगार कापला जाणार नाही.” तीन-तीन अशी विभागणी केल्यामुळे ४५ तासवाल्या दोघांचाही आठवडा बरोबर ४८ वर थांबला. चौघांनी दिवस कळवले. एकीला घरच्या अडचणीमुळे जमले नाही आणि तिच्या नावापुढचे उणे सहा मी स्वतः शून्य केले.

मात्र हे सारे मालकांच्या मर्जीवर अवलंबून होते, आणि पुढच्या वेळी ती असेलच असे नाही. म्हणून विनंती आहे की पाळी रद्द करण्यासाठी किमान पूर्वसूचनेची मुदत नियमातच ठरवावी आणि ती उलटून गेल्यावर रद्द केलेल्या तासांचा पगार दुकानाकडे लागावा. भरपाईचे तास हजेरीपुस्तकात वेगळ्या रकान्यात, मूळ पाळीची तारीख आणि रद्द करणाऱ्याचे नाव यांसह नोंदवणे बंधनकारक असावे. तो रकाना असता, तर माझा पहिला संदेश मलाच पाठवता आला नसता.

आपला विश्वासू,
एका दुकानाचा व्यवस्थापक