धाकट्याचं भाषण आणि काकूंची पेन्सिल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

दादाचं रिसेप्शन पार पडलं, हॉलची डिपॉझिटही परत मिळाली. तुमचे आभार तेवढे राहिले होते. घरी येऊन मानले असते, पण तुम्ही "बस बस, चहा घे" म्हणून विषय बदलला असता. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितोय.

मी तुमच्याकडे रिसेप्शनच्या भाषणाची चार पानं घेऊन आलो तेव्हा फक्त ऱ्हस्व-दीर्घ बघून द्या म्हणालो होतो. तुम्ही कागद हातातही घेतला नाहीत. "वाच. उभा राहून वाच," म्हणालात आणि मोबाईलवर स्टॉपवॉच लावलंत. सहाशे चाळीस शब्द, पाच मिनिटं चाळीस सेकंद. "बुफेची झाकणं उघडली की तीन मिनिटांच्या वर कोणी ऐकत नाही रे."

पहिला परिच्छेद अख्खा गेला, कारण हॉलवाले, केटरर आणि सगळ्या मामा-काकांचे आभार मानायचं काम बाबांचं होतं. दुसऱ्या पानावरचं दादाचं घरातलं टोपणनाव आणि त्यामागची लांबलचक गोष्टही गेली. मी जरा हट्ट केला. "अर्धा हॉल मुलीकडचा आहे. ते तुमच्या तोंडाकडे बघत बसतील," असं तुम्ही म्हणालात. कॉलेजातल्या 'त्या' मैत्रिणीचा उल्लेख तर तुम्ही न बोलताच खोडलात.

स्कूटरचा किस्सा मात्र तुम्ही ठेवलात. मी लिहिलं होतं, "दादाने गाडी पाडली होती तरी बाबांच्या शिव्या मलाच खाव्या लागल्या होत्या." तुम्ही म्हणालात, आपल्या भाषेत क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे हसायचा शब्द आधी होऊन जातो आणि मागे 'लागल्या होत्या'ची शेपटी वळवळत राहते. मग ते असं झालं: "गाडी पाडली दादानं. टाके पडले दादाला. आणि बाबांच्या शिव्या खाल्ल्या कोणी? मी." त्यापुढे तुम्ही पेन्सिलीनं उभी रेघ मारून 'थांब' लिहिलंत. लोक हसत असताना पुढचं वाक्य सुरू केलं की तेही वाया जातं आणि हसूही मरतं, हे मला त्या दिवशी कळलं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो शेवटच्या पानावर. 'आदर्श, मार्गदर्शक, आधारस्तंभ' या तिन्ही शब्दांना एकच गोल करून तुम्ही म्हणालात, "हे साहेबांच्या निरोप समारंभात चालतं. त्यानं केलं काय, ते सांग." मग मी बारावीच्या निकालाचं सांगितलं. गणितात नापास झालो, त्या संध्याकाळी दादा मला मिरज स्टेशनवर घेऊन गेला. दोन वडापाव घेतले. तासभर गाड्या बघत बसलो, तो चकार शब्द बोलला नाही. उठताना एवढंच म्हणाला, "आईला मी सांगतो."

"इथंच थांब. पुढे एक विशेषण लावू नकोस," तुम्ही म्हणालात. आणि लगेच विचारलंत, "नवी मुलगी कुठाय यात?" खरंच, वहिनींच्या वाट्याला 'घरात स्वागत आहे' एवढी एकच ओळ होती. ती काढून शेवट असा केला: "वहिनी, यापुढे काही गडबड झाली तर 'आईला मी सांगतो' म्हणणारा माणूस आता तुमचाही आहे. मला अधूनमधून उसना द्या."

शुद्धलेखन तुम्ही शेवटी बघितलंत. 'आशिर्वाद'चा 'शी' दीर्घ केलात, पण ते माईकवर कुणाला ऐकू येत नाही असंही म्हणालात. कानाला लागणारं 'माझी मदत केली' मात्र 'मला मदत केली' करून घेतलंत. उरले दोनशे नव्वद शब्द, वाचायला अडीच मिनिटं. बाकीचा अर्धा मिनिट हसण्यासाठी मोकळा ठेवलात.

एक कबुली द्यायची आहे. दादाच्या विरळ होत चाललेल्या केसांवरचा विनोद तुम्ही खोडला होतात. "पहिल्या रांगेत कोण बसणार आहे, बघितलंस का?" असं विचारलंही होतं. मी तो स्टेजवर घुसडलाच. पहिल्या रांगेत वहिनींचे वडील होते. त्यांच्या डोक्यावर हॉलचं झुंबर लख्ख दिसत होतं. कोणी हसलं नाही. पुढचा स्कूटरचा किस्सा निघेपर्यंतचे ते दहा सेकंद माझ्या आयुष्यातले सर्वात लांब.

बाकी सगळं तुमच्या रेघांप्रमाणे झालं. मिरज स्टेशनच्या वेळी दादा बुटांकडे बघत होता, वहिनी त्याच्याकडे. एकूण तीन मिनिटं दहा सेकंद लागली. खाली उतरलो तर आई समोर उभी. म्हणाली, "सांगतो म्हणाला होता ना? मग मला चार दिवसांनी शेजारच्यांकडून कसं कळलं?"

दादाला भाषणाचा कागद हवा होता. त्याला स्वच्छ प्रत लिहून दिली. पेन्सिलीची माझ्याकडेच ठेवली आहे.

आपला,
दुसऱ्या मजल्यावरचा धाकटा