मृणालला, तिसाव्या आठवड्यात

चि. सौ. मृणाल हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, तू नुसती घाबरवतेस," आणि ठेवून दिलास. मी तेव्हा काही बोलले नाही. मेसेज टाकला असता तर दोन निळ्या रेघा दाखवून तू गप्प बसली असतीस, म्हणून कागदावर लिहितेय. मेतकुटाच्या डब्याबरोबर येईल. घाबरवायला लिहीत नाहीये, हे आधीच सांगते.

तू म्हणालीस, पोट मधूनमधून दगडासारखं होतं, खोट्या कळा असतील. असतीलही. तिसाव्या आठवड्यात त्या बहुतेकींना येतात. त्या कधी वीस मिनिटांनी येतात, कधी दोन तास फिरकतच नाहीत. कूस बदलली, पाणी प्यालं, लघवीला जाऊन आलं की निवळतात. मला विचारायचं होतं ते एवढंच, की तू मोजलंस का? तू म्हणालीस, मोजायचं काय त्यात.

असं मोज. आधी लघवीला जाऊन ये, दोन-तीन पेले पाणी पी आणि डाव्या कुशीवर पड. बेंबीच्या वर दोन्ही हातांची बोटं हलकी टेकव. बाळ वळलं की एकाच बाजूला उंचवटा येतो, तो सोडून दे. कळ आली की अख्खं पोट आवळतं, कपाळाला हात लावल्यावर लागतं तसं कडक लागतं आणि मग हळूहळू सैल पडतं. आवळायला लागलं ती वेळ लिही, पुढचं आवळायला लागलं ती वेळ लिही. पहिलं संपल्यापासून मोजू नकोस. तासभर असं पडून राहूनही दर दहा मिनिटांनी येत असेल, म्हणजे तासाला सहा, तर दुखत असो वा नसो, दवाखान्यात जायचं. चार-पाच आल्या तरी डॉक्टरांना फोन करायचा. दुखत नाही म्हणून थांबू नकोस. मी तेच केलं.

बघ, लिहिणार नव्हते ते आलंच.

तुला ते माहीत आहे, पण आपण कधी बोललो नाही. 1991 ची दिवाळी तोंडावर आली होती. मला सातवा संपत आलेला. आजीच्या गोधड्या पऱ्यावर नेऊन धुतल्या आणि संध्याकाळी कंबर धरली. गोधड्यांमुळेच धरली असणार, यात मला शंका नव्हती. पण ते दुखणं वाकल्याने वाढत नव्हतं आणि पडल्याने कमी होत नव्हतं. पाळीच्या आदल्या दिवशी ओटीपोटात येतो तसा ओढा यायचा, जायचा, परत यायचा. मुरडा वाटून दोनदा परसाकडे जाऊन आले. खाली दोन मांड्यांमध्ये इतकं जड झालं, की पाटावर बसताना बाळावरच बसतोय असं वाटलं. कळ म्हणावी असं काहीच नव्हतं. कळ म्हणजे ओरडायला लावणारी, एवढंच मला ठाऊक होतं.

रात्री परकर ओला झाला. मला वाटलं लघवी सुटली. लाज वाटली. बदलला, परत ओला. तिसऱ्यांदा बदलला तेव्हा पाहुणे माजघरात झोपलेले, उठवणार कुणाला? पहाटे आजीने वाळत टाकलेले परकर बघितले आणि तिने ओळखलं. जीप मिळेपर्यंत उजाडलं. तालुक्याला पोचले तेव्हा कशालाच वेळ उरला नव्हता. तो दीड दिवस होता. श्वास घेताना कण्हायचा.

पुढे अंगणवाडीत लागले, उपकेंद्रातल्या सिस्टरबरोबर गरोदर बायकांच्या घरी जाऊ लागले, तेव्हा कळलं की त्या रात्रीचे आठ तास म्हणजे काय होते. वेळेत गेलं तर आईला एक इंजेक्शन देतात, बाळाची फुप्फुसं लवकर तयार व्हावीत म्हणून. त्याचे डोस वेळ ठेवून द्यावे लागतात आणि पहिल्या डोसानंतर दिवसभर तरी मिळाला तर त्याचा खरा उपयोग होतो. कळा थोपवायच्या गोळ्या असतात, त्याही कायमच्या थोपवत नाहीत, हा दीड-दोन दिवसांचाच अवधी मिळवून देतात. तेवढ्यात लहान बाळांचा काचेच्या पेटीचा विभाग असलेल्या मोठ्या दवाखान्यात पोटातल्या बाळासकट हलवता येतं. बाळाला न्यायला आईच्या पोटाइतकी चांगली गाडी नाही, असं सिस्टर म्हणायची. पण गर्भपिशवीचं तोंड उघडून गेलं की यातलं थोडंच हातात राहतं.

म्हणून बाळाभोवतीच्या पाण्याचं नीट ऐक. लघवी आवरून धरता येते, हे पाणी धरता येत नाही. चड्डी ओली वाटली तर कोरडा पॅड लाव, अर्धा तास पड आणि उठून उभी राहा. उठताच परत ओघळलं, रंग पाण्यासारखा किंवा फिकट पिवळा असला आणि लघवीचा वास नसला, तर तासभर मोजत बसायचं नाही, निघायचं. भसकन आलं, हिरवट दिसलं किंवा रक्त असलं तर तो अर्धा ताससुद्धा नको. पॅड फेकू नकोस, पिशवीत घालून डॉक्टरांना दाखव. संशय जरी असला तरी संबंध नको, आत बोट-बिट घालून बघायचं नाही. पाण्याची पिशवी फुटली की जंतू वर जायला वाट मोकळी होते.

किती शिकवतेय मी. एवढे हिशेब सांभाळणारी मुलगी तू, तुला घड्याळ बघायला काय शिकवायचं. बाबा म्हणाले, पत्र आहे की परिपत्रक? माफ कर.

पण तू माझ्यासारखी आहेस गं. ताप अंगावर काढशील, कुणाला उठवणार नाहीस. मला कळांची भीती वाटत नाही तेवढी याची वाटते. आदित्य रात्रपाळीला, तू एकटी, आणि मनात म्हणशील, सकाळपर्यंत बघू. सोनलला तू हसली होतीस ना, तेहेतिसाव्या आठवड्यात रात्री दोनला धावत गेली म्हणून? आतून सोनोग्राफी करून पिशवीच्या तोंडाची लांबी बघितली, ती चांगली निघाली. लघवीत जंतू सापडले, औषध सुरू केलं आणि दुसऱ्या दिवशी घरी. त्या जंतूंनीही कळा सुरू होतात. तू त्याला फुकटची धावपळ म्हणालीस. मला तशी दहा वेळा धावपळ चालेल. तुलाही जळजळ होतेय असं तू मागच्या महिन्यात बोलून गेलीस, ती तपासलीस का, ते कळव.

हे सगळं 37 आठवडे पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर कळा आल्या तर त्या आपल्याला हव्याच आहेत.

तुझा परवाचा फोटो बाबांनी शेजारी सगळ्यांना दाखवला. मोरपंखी कुर्ता, पोटावर हात. माझी दृष्ट लागेल म्हणून मी दोनदाच बघितला. खरं सांगू, चारदा.

डब्याच्या तळाशी पॅडचं पाकीट आहे, हसू नकोस. 108 नंबर फोनमध्ये वर ठेव, फाइल दाराजवळच्या पिशवीत ठेव. आदित्यला त्याच्या साहेबांच्या देखत फोन करायला लाजू नकोस आणि मला कितीही वाजता. मी उशाशी घेऊनच झोपते.

बाबा एसटी स्टँडवर जायला चपला घालून उभे आहेत.

तुझी,
आई