लघवीची नळी लावून घरी सोडलेल्या रुग्णांसाठी मराठीत एक पान हवं : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. सार्वजनिक आरोग्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

माझी सगळी नोकरी सरकारी रुग्णालयांत परिचारिका म्हणून झाली, त्यातली बरीच वर्षं पुरुषांच्या शस्त्रक्रिया वॉर्डात. आता निवृत्त होऊन गावी राहते. आसपासच्या वाड्यांवरची माणसं दवाखान्याचे कागद घेऊन येतात आणि ‘ताई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा’ म्हणतात. गोळ्यांचं सांगून भागतं. पण लघवीची नळी आणि पिशवी लावून घरी सोडलेल्या रुग्णाचा कागद हातात आला की मला काळजी वाटते, कारण त्या नळीबद्दल कागदावर जेमतेम एक ओळ असते, आणि तीही इंग्रजीत.

परवाचंच उदाहरण सांगते. चौऱ्याहत्तर वर्षांचे आजोबा. प्रोस्टेटची गाठ वाढून लघवी तुंबली म्हणून नळी घातली. हृदयाचा त्रास असल्यामुळे ऑपरेशन लांबणीवर पडलं आणि नळीसकट घरी पाठवलं. डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या खाली इंग्रजीत एवढंच होतं : नळीची काळजी घ्या, भरपूर पाणी प्या, तीन आठवड्यांनी दाखवा. घरात आजी आणि दहावी झालेली सून. मुलगा पुण्याला कंपनीत.

सुनेने तिच्या परीने सगळं नीट केलं. पिशवी जमिनीवर लोळू नये म्हणून खाटेच्या उशाकडच्या दांडीला बांधली. पिशवीच्या तळाला तोटी असते हे तिला कोणी दाखवलेलं नव्हतं, म्हणून रोज सकाळी नळीपासून पिशवी सोडवायची, डेटॉलच्या पाण्याने विसळायची आणि परत जोडायची. दुसऱ्या आठवड्यात नळीच्या कडेने लघवी गळायला लागली. लघवी होतेय म्हणजे ठीक आहे, असं समजून घरच्यांनी डायपर लावला. संध्याकाळी आजोबांना हुडहुडी भरून ताप आला आणि ते असंबद्ध बोलू लागले. मला बोलावलं तेव्हा त्यांचं ओटीपोट बेंबीपर्यंत टणक लागत होतं आणि पिशवी रिकामी होती. नळी गाळाने बंद झाली होती. जेवढी लघवी कडेने गळत होती तेवढीच बाहेर येत होती, बाकीची आत साठत होती. रुग्णालयात नळी बदलली तेव्हा जवळजवळ लिटरभर लघवी उतरली. पुढे शिरेतून अँटिबायोटिक घेत त्यांना तिथेच राहावं लागलं.

मंत्रिमहोदय, या घरातल्या कोणीही हयगय केली नव्हती. उशाकडची दांडी मूत्राशयाच्या वर असते आणि लघवी उताराने वाहते. पिशवी वर गेली की नळीतली लघवी पुढे सरकत नाही आणि पिशवीतली शिळी लघवी मागे फिरू शकते. पिशवी मूत्राशयाच्या खाली हवी, पण जमिनीला टेकायला नको. खाटेच्या बाजूच्या खालच्या पट्टीला हुक लावून टांगली की झालं. रुग्ण चालताना पिशवी कमरेच्या खाली धरतो, खिशात किंवा खांद्यावर ठेवत नाही. हे वॉर्डात हाताने दाखवायला दोन मिनिटं लागतात.

नळी आणि पिशवीचा जोड तर रोज उघडायचाच नसतो. तो जितक्या वेळा उघडाल तितक्या वेळा जंतूंना आत जायला वाट मिळते. पिशवी साधारण आठवड्याने बदलायची असते, जोड उघडायचा तो तेव्हाच. रोजचं काम तळाच्या तोटीतून होतं. हात साबणाने धुवायचे, तोटीखाली भांडं धरायचं, तोटीचं टोक भांड्याला लागू द्यायचं नाही, लघवी काढून तोटी बंद करायची, टोक स्वच्छ पुसायचं आणि परत हात धुवायचे. पिशवी अर्ध्याच्या थोडी वर गेली की रिकामी करायची, पूर्ण भरेपर्यंत थांबायचं नाही. भरलेल्या पिशवीचं दोन किलो वजन नळीला खाली ओढतं. मूत्राशयात त्या नळीचा फुगा असतो, साधारण दहा मिली पाण्याने फुगवलेला, आणि तो आतून मूत्राशयाच्या तोंडावर घासतो. म्हणून नळी मांडीला चिकटपट्टीने थोडी ढील ठेवून चिकटवायची. ही पट्टी रुग्णालयातून निघताना असते, घरी पहिल्या आंघोळीत निघते, आणि ती परत लावायची असते हे कुणाला ठाऊकच नसतं.

स्वच्छतेचं अजून अवघड आहे, कारण सुनेने सासऱ्यांची ही जागा धुवायची म्हणजे दोघांनाही संकोच. मी वॉर्डात असताना पहिला प्रश्न विचारायचे, ‘घरी हे कोण करणार?’ बहुतेक वेळा उत्तर येतं बायको किंवा मुलगा, आणि शिकवायचं त्यालाच असतं. डिस्चार्जच्या दिवशी बिलाच्या खिडकीशी उभ्या असलेल्या पुतण्याला शिकवून उपयोग नाही. दिवसातून एकदा-दोनदा साधा साबण आणि पाणी पुरतं. पुरुषांत पुढची कातडी मागे सारून धुवायचं आणि आठवणीने ती पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहिली तर काही तासांत सूज येऊन अडकते आणि मग धावपळ करावी लागते. बाईमाणसात पुढून मागे पुसायचं. नळी धुताना हात अंगाकडून बाहेरच्या दिशेला न्यायचा. डेटॉल, पावडर, हळद, मलम यातलं काही लावायचं नाही.

आजोबांच्या बाबतीत ज्या खुणेवरून त्रास टळला असता ती खूण म्हणजे रिकामी पिशवी. तीन-चार तास पिशवीत काही उतरलं नाही तर आधी बघायचं की नळी मांडीखाली दबली किंवा पिळली आहे का, पिशवी वर गेली आहे का, रुग्णाला दोन-तीन दिवस शौचाला झालं नाही असं आहे का. साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो आणि लघवी कडेने येते, हे फार लोकांना माहीत नाही. एवढं बघूनही उतरत नसेल, किंवा ओटीपोट फुगून दुखत असेल, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. नळीच्या कडेने गळती आणि पिशवी रिकामी, ही जोडी दिसली की नळी बंद झाली असंच धरून चालावं. हुडहुडीचा ताप, लघवीत रक्ताच्या गाठी, वयस्कर माणूस अचानक गोंधळल्यासारखं बोलू लागणं, यांतल्या एकासाठीही तेच. पण नुसती लघवी गढूळ दिसली म्हणून मेडिकलमधून अँटिबायोटिक आणून द्यायचं नाही. नळी बरेच दिवस राहिली की लघवीत जंतू असतातच, त्रास नसेल तर ते औषधाने मारत बसलं की उलट हट्टी जंतू वाढतात.

नळी कधी बदलायची हा प्रश्नही कार्डावर अर्धवट सुटतो. साधी सिलिकॉनचा थर दिलेली रबरी नळी तीन-चार आठवडे चालते, पूर्ण सिलिकॉनची तीन महिन्यांपर्यंत. आत कुठली आहे हे नातेवाइकाला दिसत नाही आणि कार्डावर लिहिलेलं नसतं. फुग्यात किती पाणी भरलंय हेही नसतं, आणि नळी काढणाऱ्या पुढच्या सिस्टरला तोच आकडा लागतो, कारण ते पाणी सिरिंजने पूर्ण काढल्याशिवाय नळी बाहेर येत नाही. झोपेत गोंधळून रुग्णाने फुग्यासकट नळी ओढून काढल्यावर काय रक्त जातं ते मी पाहिलं आहे. घरच्यांनी नळी ओढायची नाही आणि कापायची तर मुळीच नाही, हे पहिल्या ओळीत हवं.

आता माझी मागणी. नळी लावून कोणालाही घरी सोडताना कार्डासोबत मराठीत छापलेलं एक पान द्यायचं, असा आदेश आपल्या खात्याने काढावा. या राज्यात मराठीला राजभाषा करणारा अधिनियम १९६४ चा आहे, तरी रुग्णाच्या हातात पडणारा सर्वात महत्त्वाचा कागद अजून इंग्रजीत असतो. पण इंग्रजी पत्रकाचं नुसतं भाषांतर करून मला नको आहे. ‘नळीची स्वच्छता राखावी’ असं मराठीत छापलं तरी त्या सुनेला तोटी सापडली नसती. हातांनी काय करायचं, किती वाजता, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, हे वर सांगितलं तसं बोलण्यातल्या मराठीत हवं. पिशवी कुठे टांगायची आणि तोटी कशी उघडायची याची चित्रं हवीत, कारण बऱ्याच घरांत नळी सांभाळणारी आजी वाचू शकत नाही. नंदुरबार-गडचिरोलीत तर बऱ्याच घरांत मराठीही बोलली जात नाही. आणि पानाच्या माथ्यावर मोकळ्या जागा हव्यात : नळी घातल्याची तारीख, प्रकार, जाडी, फुग्यातलं पाणी, बदलायची तारीख, बदलायचं ठिकाण, आणि रात्री फोन करायचा नंबर.

पान दिलं म्हणजे काम झालं असं नाही. जो घरी करणार आहे त्याने वॉर्डात सिस्टरसमोर एकदा स्वतःच्या हाताने पिशवी रिकामी करावी आणि मगच सही घ्यावी. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. एका सिस्टरकडे किती रुग्ण असतात हे मला ठाऊक आहे, तरी तापाने परत आलेल्या रुग्णासाठी वॉर्डाचे जे तास जातात त्यापुढे ही दहा मिनिटं काहीच नाहीत.

शेवटचं म्हणजे उपकेंद्राला कळवणं. रुग्णालयात बाळंतीण झालेल्या बाईच्या घरी आशाताई तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जाते, ठरलेल्या गोष्टी बघते आणि लिहून ठेवते. ही पद्धत गावोगाव बसली आहे. नळी लावलेल्या माणसाची मात्र गावातल्या कोणत्याही वहीत नोंद होत नाही. डिस्चार्जच्या दिवशीच प्राथमिक आरोग्य केंद्राला निरोप जावा, आठवड्याच्या आत समुदाय आरोग्य अधिकारी किंवा आरोग्यसेविकेने एक फेरी मारावी, आणि नळी बदलण्याची सोय केंद्रातच व्हावी. आमच्या भागात नळी बदलण्यासाठी अंथरुणावरच्या माणसाला गाडी करून तालुक्याला न्यावं लागतं. भाड्याचे पैसे जमेपर्यंत तारीख उलटते, आणि गाळ साचून नळी बंद पडते ती याच मधल्या दिवसांत.

पानाचा मसुदा करताना वॉर्डात काम करणाऱ्या सिस्टरना बसवा, आणि छापण्याआधी तो नळी सांभाळणाऱ्या दहा-बारा घरांत वाचून दाखवा. त्यांना जिथे प्रश्न पडेल तिथलं वाक्य बदला. माझी मदत लागली तर मी कधीही येईन.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका